ओढणी वितळली, साडी करपली

*गेल्या आठवड्यात फोडणी देताना माझ्या ओढणीचं टोक शेगडीजवळ गेलं. ज्वाळा लागलीसुद्धा नव्हती, तरी कापड आक्रसलं, त्याचा थेंब झाला आणि बोटाला चिकटला. ओढून काढला तर सोबत कातडी निघाली. त्याच शेगडीवर दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या सुती साडीच्या पदराला झळ लागली होती. तेव्हा नुसता तपकिरी डाग पडला आणि चोळल्यावर तेवढ्या जागेचा भुगा झाला. दोन्ही कापडंच, मग एक वितळतं आणि एक करपतं, असं का? मी घरगुती डबे पुरवते, दिवसाचे पाच-सहा तास गॅससमोर असते. सुती कपडा चुरगळतो, डाग धरतो, म्हणून टेरीकॉटचे दोन ॲप्रन शिवायचं ठरवलंय. त्यात निम्मं सूत असतं, म्हणजे धोकाही निम्मा होईल ना?*

*— एक वाचक, कराड*

ताई, ॲप्रनचं कापड अजून शिवायला टाकलं नसेल तर थांबा. धोका निम्मा होत नाही. काही बाबतीत तो दोन्ही कापडांच्या वेगवेगळ्या धोक्यापेक्षा जास्त होतो. असं का, ते सांगतो, पण आधी तुमच्या बोटाबद्दल दोन शब्द.

कातडीला चिकटलेला वितळलेला कापडाचा थेंब पुन्हा कधी ओढून काढू नका. तो गार होताना वरच्या त्वचेत रुतून बसतो, ओढला की ती त्वचा घेऊनच निघतो आणि जखम खोल होते. हात लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा आणि वीस मिनिटं धरून ठेवायचा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तूपही नको. बांगडी, अंगठी सूज यायच्या आत काढायची. चिकटलेला तुकडा डॉक्टरांना काढू द्यायचा. आता तिथे लाली पसरत असेल, पू दिसत असेल किंवा बोट वाकवताना ओढ बसत असेल तर आज उद्या न करता दाखवून या.

आता तुमचा प्रश्न. मी तीस वर्षं कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत काढली, त्यातली बरीचशी इचलकरंजीत. कापड आणि आग यांची गाठ आमच्याकडे रोजचीच होती. तरीही या प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर तुमच्याच ओट्यावर आहे. तव्यावर तूप टाकलं की ते वितळतं. त्याच तव्यावर भाकरी विसरलात तर ती करपते. भाकरी वितळून तवाभर पसरली, असं कुणी पाहिलेलं नाही. ही नुसती उपमा नाही. भाकरीतलं पिष्ट आणि कापसातलं सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजचे हजारो मणी एकापुढे एक ओवून झालेली साखळी आहेत. मणी एकमेकांत अडकवायची ढब तेवढी वेगळी. म्हणून एक पोटात पचतं आणि दुसरं अंगावर घालता येतं, पण आगीपुढे दोघांचं वागणं सख्ख्या भावंडांसारखं असतं. सासूबाईंचा पदर करपला तो भाकरीच्याच रीतीने.

कुठलाही पदार्थ तापवत नेला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, त्यातल्या साखळ्या अखंड राहून एकमेकींवरून सरकू लागतात. याला आपण वितळणं म्हणतो. दुसरी, साखळ्या जागेवरच तुटू लागतात. याला विघटन म्हणतात, आणि करपणं हे त्याचंच दिसणारं रूप. या दोन्ही गोष्टींना आपापलं तापमान लागतं. जे आधी गाठलं जाईल ते घडतं. सगळं उत्तर या एका वाक्यात आहे, बाकीचा तपशील.

पॉलिएस्टरच्या साखळ्या शेजारी शेजारी पडलेल्या असतात, पण त्यांची एकमेकींवरची पकड माफक असते. साधारण 255 ते 260 अंश सेल्सिअसला ती पकड सुटते आणि साखळ्या सरकायला लागतात. साखळी स्वतः तुटायला मात्र त्याहून शंभरेक अंश जास्त लागतात. म्हणजे वितळून वाहायला मधे भरपूर जागा आहे. नायलॉनचंही असंच. त्याच्या एका जातीचा वितळबिंदू 220 अंशांच्या आसपास, तर दुसरीचा 260 च्या आसपास असतो.

कापसाच्या साखळीत प्रत्येक ग्लुकोजच्या मण्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोडीच्या तीन आकड्या असतात. शेजारच्या साखळीवरच्या तशाच आकड्यांना त्या धरून बसतात. एकेक आकडी तशी दुबळीच, पण एका साखळीत मणी हजारोंनी आणि प्रत्येकावर तीन, असा हिशेब केलात तर दोन साखळ्या सरकवायला किती उष्णता लागेल याचा अंदाज येईल. तेवढी उष्णता द्यायला जावं तर तिच्या आधीच, 300 अंशांच्या सुमारास, मण्यांमधले सांधेच तुटायला लागतात. कापसाला वितळायची संधीच मिळत नाही. नायलॉनमध्येही अशी पकड असते, पण ती साखळीवर दूरदूर, मोजक्या ठिकाणी असते. म्हणून ते वितळू शकतं.

आणि काळं का होतं? सेल्युलोजच्या एका मण्याचं सूत्र C6H10O5 असं आहे. यातले दहा हायड्रोजन आणि पाच ऑक्सिजन जोडीने बाजूला काढले तर बरोबर पाच पाण्याचे रेणू होतात आणि मागे सहा कार्बन उरतात. तापवलेल्या कापसात हेच होऊ लागतं. पाणी वाफ होऊन निघून जातं आणि कार्बनचा सांगाडा मागे राहतो. तपकिरी डाग म्हणजे अर्धवट झालेलं काम आणि काळा कोळसा म्हणजे जवळजवळ पूर्ण झालेलं. सगळाच कार्बन मात्र मागे राहत नाही. साखळीचे काही तुकडे जळाऊ वाफ होऊन उडतात आणि कापसाची पिवळी ज्वाळा दिसते ती त्या वाफेची. उरलेल्या कोळशाच्या धाग्यात ताकद नसते, म्हणून पदर चोळल्यावर त्याचा भुगा झाला. कापडाची वीण मात्र त्या भुग्यातही काही काळ ओळखू येते, कारण धागा जागचा हललेला नसतो.

माझ्याकडे नव्याने कामाला येणाऱ्या मुलांना मी रसायनशास्त्राआधी एक प्रश्न विचारत असे: हा धागा तयार कसा झाला? पॉलिएस्टरचे साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे दाणे येतात. ते 280-290 अंशांना वितळवायचे, बारीक भोकांच्या चकतीतून दाबून बाहेर काढायचे आणि हवेत गार करायचे, की झाला धागा. शेवया पाडाव्यात तसा. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला हाच धागा 1980 च्या दशकापासून निघतोय. जो धागा वितळवूनच जन्माला घातलाय तो तेवढं तापमान पुन्हा मिळालं की वितळणारच, त्यात त्याचा काही दोष नाही. उलट व्हिस्कोज म्हणजे रेयॉन पाहा. तोही कारखान्यातच तयार होतो, पण लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून. तो लगदा वितळत नाही, म्हणून तो कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवावा लागतो आणि मग आम्लाच्या कुंडात त्याचा धागा पाडतात. म्हणून रेयॉन कारखान्यातला असूनही कापसासारखाच करपतो. दुकानात लोक ‘नैसर्गिक की कृत्रिम’ असं विचारतात, पण आगीच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळा आहे: धागा वितळवून काढलाय की नाही?

आता तुमच्या ओढणीकडे येऊ. ज्वाळा न लागताच ती आक्रसली, याचं कारणही धाग्याच्या जन्मात आहे. चकतीतून निघालेला धागा तसाच वापरला तर तो लेचापेचा असतो, म्हणून तो ओढून त्याच्या कित्येक पट लांब करतात. त्यामुळे आतल्या साखळ्या ताणून सरळ रांगेत येतात आणि धाग्याला बळ येतं. पण ताणलेली साखळी मनातून कायम गुंडाळी व्हायला बघत असते. उष्णता लागली की तिला हलायला मोकळीक मिळते आणि वितळायच्या आधीच धागा आखडतो. गॅसच्या ज्वाळेचं तापमान दीड हजार अंशांच्या वर असतं. तिच्या बाजूने वर चढणारी हवासुद्धा पातळ जॉर्जेटला एकदोन सेकंदांत आखडून वितळवायला पुरते. तसं ते कापड आगीपासून मागे सरतं, आणि तेवढं झालं असतं तर चांगलंच होतं. पण मागे सरता सरता काठावर त्याचा थेंब जमतो.

तो थेंब सुती राखेपेक्षा जास्त भाजतो, आणि का ते तुम्हाला तळणीवरून कळेल. वडे तळताना तेल साधारण 180 अंशांना असतं. पॉलिएस्टरचा थेंब 260 च्या आसपास किंवा वर असतो. शिवाय तेल ओघळून जातं, पुसता येतं. हा थेंब चिकटतो आणि घट्ट होताना आपली उरलीसुरली उष्णताही त्याच जागी सोडतो. करपलेल्या सुताचा कण हलका असतो, त्यात साठवलेली उष्णता थोडी असते आणि हात झटकला की तो पडून जातो. अमेरिकन मरीन सैनिकांना 2006 साली इराकमध्ये छावणीबाहेर जाताना पॉलिएस्टर, नायलॉन आणि ॲक्रिलिकचे खेळाडू वापरतात तसे कपडे घालायला बंदी केली गेली, ती याच कारणाने. स्फोटाच्या आगीत ते कपडे वितळून अंगाला चिकटत होते.

पण म्हणून सुती कपडा आगीला सुरक्षित आहे, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तो वितळत नाही, एवढंच. पेटायला मात्र तो पॉलिएस्टरपेक्षा पुढे असतो. मलमलीचा सैल पदर किंवा सुती गाऊनची झालर ज्वाळेत सापडली तर आग खालून वर भराभर चढते. वितळणारं कापड काही वेळा थेंबांबरोबर ज्वाळाही खाली टाकतं आणि विझतं, सुतात तसं होत नाही. आणि ज्वाळा विझल्यावरही सूत आतून धुमसत राहतं. तुम्ही विझलं समजून वळता आणि मिनिटभराने लाल कड सरकत पुढे गेलेली दिसते. सासूबाईंच्या पदरापर्यंत झळ पोचली, ज्वाळा पोचली नाही, हे त्यांचं नशीब. दोन धोके वेगळ्या जातीचे आहेत: एक चिकटून भाजतो, दुसरा पेटून पसरतो.

हे दोन एकत्र आणले की काय होतं, तो तुमच्या ॲप्रनचा प्रश्न.

आधी प्रमाण. टेरीकॉटमध्ये निम्मं सूत असतं, हा समज फार पसरलेला आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या टेरीकॉटमध्ये 67 टक्के पॉलिएस्टर आणि 33 टक्के सूत असतं. चुरगळत नाही ते म्हणूनच. आता हे कापड पेटलं तर त्यातलं सूत करपतं आणि त्याचा कोळशाचा सांगाडा जागच्या जागी उभा राहतो. पॉलिएस्टर वितळतं, पण त्याला खाली ठिबकून ज्वाळेपासून दूर जायला वाट नसते. ते या सांगाड्याच्या धाग्याधाग्यांत शोषलं जातं. समईत काय होतं ते आठवा. नुसत्या तेलाला काडी लावली तर ते सहजी पेटत नाही आणि नुसती वात क्षणात जळून जाते. तेलात भिजलेली वात मात्र रात्रभर जळते. टेरीकॉटमध्ये सूत वात होतं आणि पॉलिएस्टर तेल होतं. नुसतं पॉलिएस्टर ज्वाळेपासून जसं आक्रसून मागे सरलं असतं तसं या कापडाला सरता येत नाही, कारण करपलेलं सूत त्याला आखडू देत नाही. आमच्या व्यवसायात याला सांगाड्याचा परिणाम म्हणतात, आणि आगरोधक कापड तयार करणाऱ्यांना मिश्र कापडाने कायम छळलंय ते यामुळेच. एका धाग्यावर चालणारा आगरोधक उपाय दुसऱ्यावर नीट चालत नाही.

हे मी पुस्तकात वाचायच्या आधी यंत्रावर पाहिलं. कापड रंगवण्याआधी त्याच्या पृष्ठावरची बारीक लव काढून टाकायला ते मिनिटाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने गॅसच्या ज्वाळांवरून नेतात. याला सिंजिंग म्हणतात. सुती कापडाची लव जळून राख होते आणि ब्रशने झडून जाते, कापड गुळगुळीत निघतं. टेरीकॉटच्या लवेतलं पॉलिएस्टर मात्र वितळून धाग्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून कितीतरी लहान मणी होऊन बसतं. डोळ्यांना दिसत नाही, पण हात फिरवला तर खरखर लागते. नोकरीच्या पहिल्या वर्षात माझ्या पाळीत असा एक लॉट सिंजिंग करून पुढे रंगाला गेला. रंगून आला तेव्हा फिकट निळ्या कापडावर गडद ठिपक्यांची पखरण होती. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या मण्यात साखळ्यांची ती शिस्तशीर रांग उरलेली नसते, त्यामुळे तो धाग्यापेक्षा जास्त रंग पितो. सगळा लॉट दुय्यम मालात विकावा लागला. वरिष्ठांनी मला भिंगाखाली ते मणी दाखवले आणि पुढे अशा मालाला आधी रंग आणि मग सिंजिंग, असा क्रम लावून दिला. एकाच ज्वाळेखाली एकाच कापडातले दोन धागे दोन तऱ्हांनी वागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

रेशीम आणि लोकर यांना मी थोडक्यात उरकतो, कारण स्वयंपाकघरात त्यांचं काम नाही. ती प्रथिनं आहेत, आपल्या केसांसारखी, आणि तीही वितळण्याआधी तुटतात. लोकरीत नायट्रोजन आणि गंधक असतं, ती हवेतला ओलावाही भरपूर धरून ठेवते, त्यामुळे ती नाखुशीने जळते आणि ज्वाळा बाजूला घेतली की बहुधा आपोआप विझते. फक्त एक सावधगिरी. आपल्याकडे विणकामासाठी दुकानात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात त्यातले बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक लवकर पेटतं, काळा धूर सोडत वितळल्यासारखं होतं आणि ठिबकतं. त्याला खऱ्या लोकरीचे गुण लावू नका. थंडीत पहाटे डबे करताना तुम्ही घरी विणलेला स्वेटर घालत असाल तर तो गॅस पेटवायच्या आधी काढून ठेवा.

घरात जे कापड आहे ते कुठलं, हे तुम्हाला स्वतः तपासता येईल. शिंप्याकडे उरलेल्या टेरीकॉटच्या चिंध्या, तुमची जळकी ओढणी आणि सासूबाईंची एखादी जुनी सुती साडी अशा तीन गोष्टी घ्या, म्हणजे फरक शेजारी शेजारी दिसेल. कापडाचा तुकडा जाळायचा नाही, धागे काढून जाळायचे. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढा, कारण कित्येक कापडांत ताणा एका जातीचा आणि बाणा दुसऱ्या जातीचा असतो. सेमी सिल्कच्या साड्यांमध्ये हे हमखास आढळतं. प्रत्येकाचे आठ-दहा धागे, बोटभर लांब, एकत्र पिळून घ्या. ओट्यावर स्टीलच्या ताटात थोडं पाणी ठेवा, पंखा बंद करा, केस बांधा, ओढणी काढून ठेवा आणि पीळ लोखंडी चिमट्यात धरा. ज्वाळा गॅसची नको, ती फार मोठी आणि जोरकस असते. मेणबत्ती पुरे. पीळ वरून ज्वाळेत घालू नका, बाजूने हळूहळू जवळ न्या, कारण खरी माहिती ज्वाळेला टेकायच्या आधीच्या क्षणात असते.

ओढणीचे धागे ज्वाळेच्या बोटभर अंतरावर असतानाच आखडतील आणि मागे वळतील. आत नेल्यावर वितळून काजळीच्या धुराने जळतील. धुराला किंचित गोडसर वास येईल. बाहेर काढून पूर्ण गार झाल्यावर टोकाला कडक काळा मणी असेल, तो नखाने दाबून फुटत नाही. काढल्या काढल्या त्याला बोट लावू नका, बोटाचा अनुभव तुम्हाला आहेच. सुती धागे जवळ नेताना हलणार नाहीत. ज्वाळेला लागताच पेटतील, कागद जळाल्याचा वास येईल, ज्वाळा विझल्यावर टोकाला ठिणगी लुकलुकत राहील आणि शेवटी बोटात घेताच उडून जाणारी मऊ राखाडी राख उरेल. मणी मुळीच नाही. टेरीकॉटचा पीळ तुम्हाला फसवायचा प्रयत्न करील. तो सुतासारखा चटकन पेटतो, कागदाचाच वास येतो आणि पहिल्या नजरेला तुम्ही म्हणाल की हे सूतच. पण गार झालेली राख दोन बोटांत चोळा. राख निघून गेल्यावर आत वाळूच्या खड्यासारखं काहीतरी कडक लागेल. ते पॉलिएस्टर. या तपासणीची मर्यादाही सांगून ठेवतो: रेयॉन आणि कापूस यांतला फरक ती दाखवत नाही, कारण आगीच्या दृष्टीने ती दोन्ही एकच. तुमच्या कामापुरता त्या फरकाने काही बिघडत नाही.

तर ॲप्रन कशाचा शिवायचा? घट्ट विणीचं, जाड, शंभर टक्के सुती कापड घ्या. दुकानात सुती ड्रिल मागा, नाहीतर जाड मांजरपाट. कापड जितकं जड आणि वीण जितकी घट्ट, तितकं ते पेटायला वेळ लागतो, कारण तापवायला वस्तुमान जास्त आणि धाग्यांमधे हवा कमी. पातळ सुती आणि जाड सुती यांतला हा फरक मी सुती आणि टेरीकॉट यांतल्या फरकाइतकाच महत्त्वाचा मानतो. ज्या सुती कापडाला मऊपणासाठी वर लव काढलेली असते, फ्लॅनेलसारखी, ते मात्र घेऊ नका. लवेवरून ज्वाळा क्षणात धावत जाते.

शिवताना झालर, लोंबत्या नाड्या आणि पुढे पसरणारा खिसा टाळा. गाठ पाठीमागे मारायची आणि नाडीची टोकं आखूड ठेवायची. शिवणीसाठी शिंपी पॉलिएस्टरचा दोराच वापरतील, त्याची फार काळजी करू नका, तो मापाने नगण्य असतो. कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत किंवा मनगटाला घट्ट ठेवा. माझ्या मते कापडाच्या जातीपेक्षाही आधी बघायची गोष्ट म्हणजे त्याचं लोंबणं. काम करताना ओढणी घेऊच नका. घ्यायचीच असेल तर सुती घ्या आणि ॲप्रनच्या आत कमरेला खोचा. मागच्या शेगडीवर काही ठेवायचं असेल तर पुढची आधी बंद करा. पेटलेल्या बर्नरवरून हात पलीकडे नेताना झालेले अपघात मी सर्वांत जास्त ऐकलेत.

डागांसाठी गडद रंग घ्या, गडद तपकिरी किंवा काळपट निळा. हळदीचा डाग तरीही दिसेल, पण धुऊन उन्हात वाळवलात की तो फिका होतो, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. चुरगळण्यावर उपाय असा की धुतल्यावर पिळू नका, पाणी निथळू द्या, दोनदा झटका आणि दोरीवर ओलाच ताणून घाला. ड्रिलला एवढं पुरतं. दोनऐवजी तीन ॲप्रन शिवा, म्हणजे तेलकट झालेला दुसऱ्या दिवशी घालावा लागणार नाही. तेल मुरलेल्या सुती ॲप्रनला आग लागली तर समईच्या वातीची गोष्ट तिथेही खरी होते, आणि टेरीकॉट नाकारून मिळवलेलं सगळं तुम्ही तिथे गमावून बसाल.

यातूनही कधी कपड्याने पेट घेतलाच तर धावायचं नाही, धावल्याने वारा मिळतो. जागच्या जागी जमिनीवर झोपून लोळायचं, तोंड हातांनी झाकायचं. घरच्यांनी जाड सुती चादर किंवा सतरंजी टाकून आग दाबायची. हाताला लागेल ते ब्लँकेट घाईत टाकू नका, आजकालची बरीच ब्लँकेटं पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकची असतात. आग विझल्यावर मोकळे कपडे उतरवा, चिकटलेले तसेच राहू द्या, भाजल्या जागी पाणी घाला आणि 108 ला फोन करा. एक सतरंजी स्वयंपाकघराच्या दाराशी कायमची घडी करून ठेवा.

कापड घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराने ‘प्युअर कॉटन’ म्हटलं तरी मीटरभरच आधी घ्या. घरी येऊन त्याचे उभे-आडवे धागे मेणबत्तीवर जाळून राख चोळा. दोन्हीकडची राख बोटांत नुसती पूड झाली तरच उरलेलं कापड आणायला परत जा.